लोगोचे माप : प्रस्तावना

‘लोगो पीएनजीमध्ये पाठवा, बॅकग्राउंड नको.’ लहान संस्थांच्या कार्यालयात हा निरोप वरचेवर येतो. कधी तो स्मरणिका छापणाऱ्याचा असतो, कधी फ्लेक्सवाल्याचा, तर कधी वेबसाइट करून देणाऱ्याचा. तिघांचे शब्द सारखेच असतात, पण तिघांना लागणारी फाइल मात्र वेगवेगळी असते. निरोपात माप नसल्यामुळे कार्यालयातली व्यक्ती संगणकावर सापडेल ती फाइल पाठवून मोकळी होते. मग स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर लोगोच्या कडा दातेरी येतात, गडद पानावर अक्षरांभोवती पांढरी रेघ उमटते आणि ब्राउझरच्या टॅबवर नुसता करडा ठिपका दिसतो. ही पुस्तिका नेमकी या कामासाठी आहे. हाती एसव्हीजी लोगो आहे आणि त्यातून छपाईसाठी व वेबसाठी काही पारदर्शक पीएनजी काढायच्या आहेत. हे काम लहान आहे, पण त्याला क्रम आहे. तो क्रम का पाळायचा, हे या प्रस्तावनेत सांगतो. पुस्तिकेतली प्रकरणे त्याच वाटेने जातात.

एसव्हीजी म्हणजे आकृतीचे लेखी वर्णन. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत असे वळण, आत अमुक रंग, असा मजकूर त्यात साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्याची पहिली शिफारस २००१ साली प्रसिद्ध केली. पीएनजी त्याहून जुनी. गिफ फाइलींमागच्या पेटंटचा वाद पेटल्यावर १९९५ साली तिची आखणी सुरू झाली आणि १९९६ मध्ये त्याच संस्थेने ती शिफारस म्हणून स्वीकारली. पीएनजीत वर्णन नसते, फक्त चौकटी असतात. आडव्या इतक्या, उभ्या इतक्या, आणि प्रत्येक चौकटीचा रंग व तिची पारदर्शकता. एसव्हीजीतून पीएनजी करणे म्हणजे वर्णन वाचून चौकटी भरणे. चौकटी किती, हे ठरवल्याशिवाय ते काम सुरूच होऊ शकत नाही. आपण ठरवले नाही, तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने एक आकडा घेते आणि तो बहुतेकदा फार लहान असतो.

पुस्तिकेत सगळीकडे एकच उदाहरण वापरले आहे. एका सार्वजनिक वाचनालयाचा लोगो समजा. वर उघडे पुस्तक, त्याखाली ठळक ‘वाचनालय’ आणि त्याहून बारीक अक्षरांत ‘सार्वजनिक’. रंग एकच, गडद लालसर. फाइलीची सुरुवात अशी :

```
<svg xmlns="http://www.w3.org/2000/svg"
     width="90mm" height="60mm"
     viewBox="0 0 360 240">
```

इथे दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत. `viewBox` सांगतो की आकृती ३६० बाय २४० एककांच्या जागेत काढली आहे. `width` आणि `height` सांगतात की ही जागा प्रत्यक्षात ९० बाय ६० मिलिमीटर धरायची. म्हणजे एक एकक पाव मिलिमीटर. ‘वाचनालय’ची शिरोरेषा सहा एकक जाड आहे, तेव्हा ती कागदावर दीड मिलिमीटर येईल. चारही बाजूंना बारा-बारा एककांची मोकळी जागा सोडली आहे. ती ९० मिलिमीटरमध्येच धरलेली आहे, हे छपाईवाल्याला आधी सांगून ठेवलेले बरे. नाहीतर ‘लोगो तीन मिलिमीटर आत का बसला’ असा फोन येतो.

माप ठरवण्याआधी फाइल तपासावी लागते. एसव्हीजी साध्या मजकुराची फाइल असल्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडते आणि तिच्यात शोधता येते. मी तीन शब्द शोधायला सांगतो : `<text`, `<image` आणि `<rect`.

`<text` सापडले तर अक्षरे अजून अक्षरेच आहेत, त्यांच्या आकृत्या झालेल्या नाहीत. फाइलीत फॉन्टचे फक्त नाव आहे, फॉन्ट नाही. ज्या संगणकावर पीएनजी बनेल तिथे तो फॉन्ट नसला, तर दुसराच कोणता तरी फॉन्ट येऊन बसतो. मराठीत याचे परिणाम इंग्रजीपेक्षा वाईट होतात. फॉन्ट युनिकोड असेल तर निदान अक्षरे मराठी राहतात, पण त्यांची जाडी आणि रुंदी बदलते. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला देवनागरीची जुळणी येत नसेल, तर ‘सार्वजनिक’मधला रफार ‘व’च्या डोक्यावर न जाता सुटा पडतो आणि ‘नि’ची वेलांटी ‘न’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. फॉन्ट युनिकोडपूर्व काळातला असेल, तर प्रकरण आणखी बिघडते. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांत काढलेले कितीतरी लोगो आपल्या संस्थांकडे आजही आहेत. त्या फॉन्टांत मराठी अक्षराच्या जागी आतून रोमन चिन्हेच साठवलेली असतात. फॉन्ट गेला की ‘वाचनालय’च्या जागी डोक्यावर टिंबे नि काने असलेली रोमन अक्षरे उभी राहतात. हे असे दिसले की समजायचे, फाइल बिघडलेली नाही, फॉन्ट सोबत आलेला नाही.

यावरचा इलाज छापखान्यातल्या प्रत्येकाला माहीत असतो. ‘कर्व्ह करून पाठवा’ असे ते फोनवर सांगतात ते हेच. ज्या संगणकावर मूळ फॉन्ट आहे तिथेच हे काम करायचे. कोरलड्रॉमध्ये अक्षरे निवडून कंट्रोल-क्यू, इंकस्केपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-सी. अक्षरांच्या वक्ररेषा झाल्या की पुढे कोणत्याही यंत्रावर ती तशीच राहतात. मात्र कर्व्ह केलेली अक्षरे पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाहीत. म्हणून अक्षरे जिवंत असलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवायची. संस्थेचा पत्ता किंवा स्थापनेचे वर्ष लोगोत असेल, तर हे विसरून चालत नाही.

`<image` सापडले तर काम थांबवावे. याचा अर्थ कोणीतरी जुनी जेपीजी किंवा पीएनजी उचलून एसव्हीजीच्या चौकटीत ठेवली आहे. नाव एसव्हीजी असले तरी आत चौकटीच आहेत आणि त्या जितक्या आहेत तितक्याच राहणार. अशा फाइलीतून कितीही मोठी पीएनजी काढली तरी कडा पुसटच येतील. लोगो पुन्हा रेखाटून घेणे, हाच उपाय उरतो.

`<rect` बहुतेकदा निरुपद्रवी असतो, पण पानभर पसरलेला पांढरा आयत असेल तर तो काढायला हवा. पांढऱ्या पडद्यावर तो दिसत नाही, आणि पीएनजी पारदर्शक का होत नाही याचे कोडे सुटत नाही. याच जातीचा आणखी एक दोष नोटपॅडमध्ये पटकन सापडत नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘व’च्या पोटातली पोकळी घ्या. ती दोन प्रकारे दाखवता येते. लाल आकाराला खरोखर भोक पाडायचे, किंवा भरीव लाल आकारावर पांढरा तुकडा ठेवायचा. पांढऱ्या कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. पिवळ्या कागदावर पहिल्या प्रकारात ‘व’चे पोट पिवळे होते, दुसऱ्यात ते पांढरे राहते. लोगो घाईत काढलेला असेल तर हे पांढरे तुकडे हमखास असतात. ओळखायचे कसे? फाइल उघडून मागे गडद रंगाचा मोठा चौकोन ठेवा. जिथे जिथे पांढरे दिसेल, ते पांढरे हवे आहे की तिथून मागचे दिसायला हवे, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा. उघड्या पुस्तकाची पाने पांढरीच हवीत असे वाचनालय म्हणू शकते, आणि ते म्हणणे रास्त आहे. पण ते ठरवून झालेले असावे. नको असलेले तुकडे इंकस्केपमध्ये ‘डिफरन्स’ने आणि कोरलमध्ये ‘ट्रिम’ने खालच्या आकारातून कापून काढता येतात.

आता छपाईचे माप. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर लोगो ९० मिलिमीटर रुंद हवा आहे आणि छापखान्याने इंचाला ३०० पिक्सेल मागितले आहेत. हा ३०० चा आकडा कुठून आला तेही पाहू. चांगल्या आर्ट पेपरवरच्या ऑफसेट छपाईत रंगाच्या ठिपक्यांच्या सहसा इंचाला १५० ओळी असतात, आणि प्रत्येक ओळीमागे दोन पिक्सेल द्यावेत असा संकेत आहे. वर्तमानपत्राच्या कागदावर ओळी कमी असतात, तिथे कमी पिक्सेल चालतात. हिशेब सरळ आहे. ९० मिलिमीटरला २५.४ ने भागले की इंच मिळतात आणि त्याला ३०० ने गुणले की पिक्सेल. उत्तर येते १०६३, खरे तर १०६२.९९. उंची ७०८.६६.

इथे जरा थांबू. उंचीत ०.६६ पिक्सेल असा काही प्रकार नसतो. सॉफ्टवेअर तो आकडा ७०९ करते किंवा ७०८, आणि कडेची एक ओळ अर्धवट भरते किंवा आकृती केसभर ताणते. आपल्या उदाहरणात कडेला मोकळी जागा आहे, म्हणून ते खपून जाते. पण आतल्या रेषांचे काय? एक एकक म्हणजे २.९५ पिक्सेल, त्यामुळे कोणतीही सरळ रेषा पिक्सेलच्या सीमेवर नीट बसत नाही. तिच्या दोन्ही कडांना फिक्या रंगाची एकेक ओळ येते. त्याऐवजी रुंदी १०८० घेतली तर प्रत्येक एककाला बरोबर तीन पिक्सेल मिळतात. उंची ७२० येते. शिरोरेषा १८ पिक्सेल जाड होते आणि तिच्या दोन्ही कडा स्वच्छ राहतात. ९० मिलिमीटरवर १०८० पिक्सेल म्हणजे इंचाला ३०४.८. छापखान्याची ३०० ची अट पुरी होते आणि वर थोडे उरते. मागितलेल्या आकड्याच्या किंचित वर जाऊन आकृतीच्या एककाला पूर्णांकाने गुणणारी रुंदी निवडायची, एवढीच युक्ती आहे. पण सरळ रेषांचा लोगो असेल तर तिचा फरक भिंगातून स्पष्ट दिसतो.

इंकस्केपच्या १.० आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत हे असे होते :

```
inkscape vachanalay.svg --export-type=png \
  --export-area-page --export-width=1080 \
  --export-filename=vachanalay-1080.png
```

ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नाहीत, त्यांनी शिफ्ट-कंट्रोल-ई दाबून एक्स्पोर्टच्या खिडकीत पान निवडावे आणि रुंदीच्या रकान्यात १०८० भरावे. परिणाम तोच. पार्श्वभूमी मुद्दाम दिली नसेल तर इंकस्केप ती पारदर्शकच ठेवते. इमेजमॅजिक वापरणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टींचे भान ठेवावे. तिथे `-background none` सांगितले नाही तर लोगोमागे पांढरे येते, आणि `-density` हा आकडा एसव्हीजीच्या नावाआधी लिहावा लागतो. नावानंतर लिहिला तर चित्र लहानच बनते आणि त्यावर ३०० ची चिठ्ठी तेवढी चिकटते.

या चिठ्ठीबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिच्यामुळे होतो. पीएनजीत एका छोट्या नोंदीसाठी जागा असते : मीटरला किती पिक्सेल धरावेत. इंचाला ३०० म्हणजे मीटरला ११८११. वर्ड किंवा पानमांडणीचे सॉफ्टवेअर ही नोंद वाचून चित्र किती मोठे ठेवायचे ते ठरवते. तिचे काम तेवढेच. नोंद बदलली म्हणून एकही पिक्सेल वाढत नाही. १८० पिक्सेल रुंद लोगोवर ३०० असे लिहिले, तर तो पानावर १५ मिलिमीटरचा होऊन बसतो. माणूस मग तो कोपऱ्याला धरून ९० मिलिमीटरपर्यंत ओढतो आणि इंचाला जेमतेम ५० पिक्सेल उरतात. म्हणून ‘फाइल ३०० डीपीआय आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणून भागत नाही. ‘१०८० बाय ७२०, ९० मिलिमीटरसाठी’ असे उत्तर द्यावे. त्यात सगळे येते. आपल्या उदाहरणात ही नोंद आपोआप बरोबर पडते, कारण एसव्हीजीतच ९० मिलिमीटर लिहिले आहे. तिथे मिलिमीटर न लिहिता नुसते ३६० लिहिले असते, तर इंचाला ९६ पिक्सेल या वेबच्या हिशेबाने लोगो ९५.२५ मिलिमीटरचा धरला गेला असता आणि नोंद २८८ पडली असती.

तपासायला एक ओळ पुरते :

```
magick identify -format "%w x %h, %x %U, %[channels]\n" vachanalay-1080.png
```

उत्तरात १०८० x ७२०, सेंटिमीटरला १२० पिक्सेल आणि `srgba` दिसायला हवे. शेवटचे `a` हे पारदर्शकतेचे खाते आहे. ते नसेल तर मागे कुठेतरी रंग भरला गेला आहे. आकडे बरोबर असूनही शंका असेल, तर चित्र चारशे टक्के मोठे करून तिरक्या कडेकडे पाहावे. एसव्हीजीतून थेट काढलेल्या चित्रात रंगापासून पारदर्शकापर्यंतचा उतार एखाद-दुसऱ्या पिक्सेलचा असतो. हा उतार पाच-सहा पिक्सेल पसरला असेल, तर कोणीतरी लहान चित्र ताणून मोठे केले आहे.

छपाईत पीएनजीची मर्यादाही स्पष्ट सांगतो. पीएनजीत लाल-हिरवा-निळा हे पडद्याचे रंग साठवता येतात, छपाईच्या चार शाया नाहीत. रूपांतर छापखान्यात होते आणि आपला गडद लालसर रंग थोडा हलू शकतो. शिवाय तीनशेच्या चित्रात कडेचे अर्धपारदर्शक पिक्सेल छपाईत बारीक ठिपके होऊन उतरतात. ‘वाचनालय’च्या ठळक अक्षरांना त्याने काही होत नाही, पण ‘सार्वजनिक’ची बारीक अक्षरे लेटरहेडवर २५ मिलिमीटरच्या लोगोत थोडी लवदार दिसतात. छापखाना पीडीएफ घेत असेल तर त्याच एसव्हीजीची पीडीएफ द्यावी. तिच्यात रेषा रेषाच राहतात. पीएनजी द्यायची ती जिथे पर्याय नाही तिथे : वर्डमधले अहवाल, प्रमाणपत्रांचे साचे, फक्त चित्रच स्वीकारणारे फ्लेक्सवाले. तीही बारीक अक्षरांसाठी दुप्पट, २१६० पिक्सेलची काढावी. फ्लेक्सवर लोगो ४५० मिलिमीटर रुंद असला तर हीच २१६० ची फाइल इंचाला १२२ पिक्सेल देते, आणि रस्त्यापलीकडून पाहणाऱ्याला ते पुष्कळ होते.

वेबकडे वळल्यावर मिलिमीटर सुटतात. ब्राउझर पीएनजीतली ती चिठ्ठी पाहत नाही, तो पिक्सेल मोजतो. वेबसाइटच्या माथ्यावर लोगोला १८० रुंदीची जागा असेल, तर साध्या पडद्याला १८० पिक्सेल लागतात. आजच्या मोबाइलांचे पडदे त्याच जागेत दुप्पट किंवा तिप्पट पिक्सेल बसवतात, त्यांना ३६० आणि ५४० ची फाइल लागते. ज्या पानांवर एसव्हीजी थेट चालतो तिथे तोच वापरावा, पण ईमेलची पत्रे, वार्तापत्रे आणि कितीतरी तयार प्रणाली आजही पीएनजीच मागतात. या तिन्ही फाइली, आणि सोबत लहान जागेसाठी ६० ची, मोठ्या पीएनजीला लहान करून न काढता एसव्हीजीतून वेगवेगळ्या काढायच्या :

```
for w in 60 180 360 540; do
  inkscape vachanalay.svg --export-type=png \
    --export-area-page --export-width=$w \
    --export-filename=vachanalay-$w.png
done
```

हे आकडे डोळे झाकून निवडलेले नाहीत. शिरोरेषेच्या वाटेने पाहिले की त्यामागचा हिशेब उलगडतो. आपल्या आकृतीत ती वरून ७२ व्या एककाला सुरू होते आणि ७८ व्याला संपते. १८० रुंदीत प्रत्येक आकडा निम्मा होतो. रेषा ३६ पासून ३९ पर्यंत, बरोबर तीन पिक्सेल, कडा स्वच्छ. ६० रुंदीत सगळे सहाने भागले जाते. १२ पासून १३, बरोबर एक पिक्सेल. बारीक, पण पूर्ण रंगाची. आता ४८ रुंदी घेऊन पाहा. रेषा ९.६ पासून १०.४ पर्यंत येते. तिची जाडी ०.८ पिक्सेल आहे, पण ती दोन ओळींत विभागली जाते आणि प्रत्येक ओळीला फक्त चाळीस टक्के रंग मिळतो. गडद लालसर शिरोरेषेऐवजी दोन पिक्सेल जाडीचा गुलाबीसर पट्टा दिसतो. ३२ रुंदीत ती ६.४ पासून ६.९३ पर्यंत जाते आणि एकाच ओळीत मावते, रंग त्रेपन्न टक्के. म्हणजे लहान चित्रात शिरोरेषा मोठ्या चित्रापेक्षा ठसठशीत दिसते! आकार लहान केला की तपशील हळूहळू कमी होत जातो, हा आपला अंदाज इथे खोटा ठरतो. रेषा चौकटीच्या कुठल्या भागात पडते यावर सगळे अवलंबून असते. देवनागरीत हे अधिक जाणवते, कारण शिरोरेषा शब्दभर सलग जाते. ती पुसट झाली की सगळा शब्दच पुसट वाटतो.

पण मुद्दा निव्वळ शिरोरेषेचा नाही. ३२ रुंदीत ‘सार्वजनिक’ची अक्षरे वाचताच येणार नाहीत, मग चौकटी कशाही बसवा. ब्राउझरच्या टॅबवरचे चिन्ह १६ किंवा ३२ पिक्सेलचे असते आणि ते चौरस असते. आपला लोगो तीनास दोन प्रमाणातला आहे. तो ३२ च्या चौकोनात घातला तर उंची २१.३३ येते, वरखाली मोकळी जागा पडते आणि आधीच लहान असलेली आकृती आणखी लहान होते. म्हणून अगदी लहान मापांसाठी वेगळी आकृती काढावी, असे मी आग्रहाने सांगतो. वाचनालयासाठी नुसता ‘वा’ पुरतो. त्यासाठी `viewBox="0 0 32 32"` अशी नवी एसव्हीजी घ्या. शिरोरेषा चार एककांची, वरून चौथ्यापासून आठव्यापर्यंत. काना डावीकडून २४ पासून २८ पर्यंत. ‘व’च्या पोटातली पोकळी किमान चार एकक रुंद, म्हणजे १६ पिक्सेलच्या चित्रातही ती दोन पिक्सेल उरते आणि बुजत नाही. आता हिशेब करा. १६ पिक्सेलमध्ये शिरोरेषा दोन पिक्सेलची होते, ३२ मध्ये चार, ४८ मध्ये सहा, आणि तिच्या कडा दर वेळी पूर्णांकावरच येतात. अँड्रॉइडला लागणारे १९२ आणि ५१२ हे आकडेही ३२ च्या पटीतलेच आहेत. आयफोनच्या होम स्क्रीनसाठी १८० लागतात आणि तिथे शिरोरेषा अर्ध्या पिक्सेलवर सुरू होते, पण एवढ्या मोठ्या मापात ते कोणाच्या लक्षात येत नाही. त्या १८० च्या चिन्हाची अट वेगळी आहे : ते पारदर्शक ठेवू नये. पारदर्शक जागेत काळा रंग भरला जातो आणि काळ्यावर गडद लाल ‘वा’ हरवून जातो. त्याला मागे फिकट रंगाचा चौकोन मुद्दाम द्यावा.

यातून पारदर्शकतेच्या सगळ्यात चिवट तक्रारीकडे येतो : अक्षरांभोवतीची पांढरी रेघ. ती येते कुठून, हे एका पिक्सेलवरून कळते. आपला लाल रंग आकड्यांत १२२, ३१, ४३ असा आहे. तिरक्या कडेवरचा एखादा पिक्सेल निम्मा अक्षरात आणि निम्मा बाहेर असतो. एसव्हीजीतून थेट काढलेल्या पीएनजीत त्या पिक्सेलचा रंग १२२, ३१, ४३ असाच लिहिला जातो आणि त्यासोबत ‘निम्मा पारदर्शक’ अशी नोंद होते. मागे काळे असो, निळे असो, तो त्यात मिसळून जातो. आता तोच लोगो आधी पांढऱ्या पानावर काढला आणि मग जादूच्या कांडीसारख्या साधनाने पांढरे पुसले, असे समजा. त्या पिक्सेलमध्ये लाल आणि पांढरे आधीच मिसळून १८९, १४३, १४९ झालेले असते, म्हणजे धुरकट गुलाबी. तो पांढरा नसल्यामुळे साधन त्याला पुसत नाही. पांढऱ्या पानावर ते कळत नाही, गडद पानावर प्रत्येक अक्षराला फिकट किनार लागते. ती रेघ खोडत बसण्यात अर्थ नाही. एसव्हीजीकडे परत जाऊन नवी पीएनजी काढायला मिनिटही लागत नाही. तपासण्यासाठी मागे भडक रंग घालून पाहावे :

```
magick vachanalay-360.png -background magenta -flatten tapasani.png
```

ही तपासणीची फाइल पाहून झाली की लगेच काढून टाकावी, नाहीतर तीच कोणीतरी छापायला पाठवेल.

एवढे सगळे सांभाळूनही फाइल वाटेत बिघडू शकते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी जेपीजी होऊन पोचते. जेपीजीत पारदर्शकता साठवताच येत नाही, त्यामुळे मागे पांढरे किंवा काळे येते आणि पिक्सेलही कमी झालेले असू शकतात. ज्याला ती मिळते तो पुन्हा पीएनजी म्हणून साठवतो, नाव बरोबर दिसते, पण गेलेले परत येत नाही. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा झिप करून ईमेलने द्यावी. पोचल्यावर समोरच्याकडून पिक्सेलचे आकडे विचारून घ्यावेत. तो १०८० बाय ७२० म्हणाला तर काम झाले.

पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात एसव्हीजीची सफाई आहे, दुसऱ्यात छपाईची मापे, तिसऱ्यात वेबची आणि चौथ्यात लहान चिन्हांचे रेखाटन. शेवटी एका संस्थेने आपल्याकडे कोणत्या फाइली ठेवाव्यात याचा साचा दिला आहे : अक्षरे जिवंत असलेली मूळ फाइल, कर्व्ह केलेली एसव्हीजी, पीडीएफ, छपाईच्या १०८० व २१६० च्या पीएनजी, वेबसाठी ६०, १८०, ३६० आणि ५४०, ‘वा’ची वेगळी एसव्हीजी व तिची लहान चित्रे, आणि गडद पार्श्वभूमीसाठी हाच संच पांढऱ्या रंगात. फाइलीच्या नावातच रुंदी लिहायची. फोल्डरमध्ये ‘logo-final-new’ नावाची फाइल दिसली, तर ती उघडून तिचे पिक्सेल मोजावेत, नाव बदलावे आणि मगच पुढे पाठवावी.